एका हदीससाठी चार शहरांची वाट

मदिनेत राहणाऱ्या जाबिर बिन अब्दुल्लाह यांच्या कानावर एक बातमी आली. पैगंबर मुहंमद यांनी कयामतच्या दिवशीच्या हिशेबाबद्दल काही सांगितले होते, आणि ते प्रत्यक्ष ऐकलेला माणूस अजून जिवंत होता. त्या माणसाचे नाव अब्दुल्लाह बिन उनैस. ते शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या प्रदेशात, राहत होते. जाबिर यांनी एक उंट विकत घेतला, त्यावर खोगीर आवळले आणि महिनाभराचा प्रवास करून त्यांचे दार गाठले. दारावरच्या माणसाकरवी त्यांनी आत निरोप पाठवला. नाव ऐकताच अब्दुल्लाह लगबगीने बाहेर आले आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. जाबिर यांनी लगेच येण्याचे कारण सांगितले: तुम्ही ऐकलेले ते बोलणे मला तुमच्याच तोंडून ऐकायचे आहे, ते ऐकण्याआधी तुम्ही किंवा मी मरून जाऊ, ही भीती मला वाटत होती.

ऐकायचे होते ते मोजक्याच वाक्यांचे कथन होते. त्या दिवशी माणसे उघडी आणि रिकाम्या हातांनी उभी राहतील. कोणाचे देणे डोक्यावर असेल, मग ती एखादी थप्पड का असेना, तर ते फिटल्याशिवाय कोणाची सुटका होणार नाही. आणि हाती काहीच नसल्याने हे देणे आपल्या पुण्य-पापातूनच चुकवावे लागेल, असा त्याचा आशय आहे. जाबिर स्वतः पैगंबरांच्या सहवासात वाढले होते आणि त्यांच्याकडून त्यांनी पुष्कळ काही ऐकले होते. एवढे मात्र ऐकायचे राहिले होते. तेवढ्यासाठी त्यांनी महिनाभर जाण्याची आणि तितकीच परतण्याची वाट धरली.

पुढच्या सात-आठ शतकांत इस्लामी जगात अशा कथा पुष्कळ झाल्या. अशा प्रवासाला अरबीत ‘रिहला’ म्हणतात. अकराव्या शतकातले बगदादचे विद्वान अल-खतीब अल-बगदादी (मृत्यू 1071) यांनी केवळ या प्रवासांच्या हकीकती जमवून एक छोटे पुस्तक लिहिले. या कथांमधला विद्यार्थी सहसा तरुण असतो, कथनकार म्हातारा असतो आणि मधे वाळवंट असते. पण प्रत्येक प्रवासामागचा हेतू एकच नव्हता. जाबिर निघाले ते न ऐकलेले ऐकायला. त्यांच्यानंतर काही जण ऐकलेल्याची खातरजमा करायला निघाले, तर आणखी नंतरचे काही जण केवळ मधला एखादा माणूस कमी करायला निघाले. हे हेतू समजून घेण्यासाठी आधी हदीस कशी सांगितली जाते ते पाहायला हवे.

साखळी आणि मजकूर

हदीस म्हणजे पैगंबर मुहंमद यांचे वचन किंवा त्यांच्या कृतीची हकीकत. प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात. प्रत्यक्ष मजकुराला ‘मतन’ म्हणतात. त्याच्या आधी नावांची एक मालिका येते, तिला ‘इस्नाद’ म्हणजे साखळी म्हणतात. मला अमुकने सांगितले, त्याला तमुकने सांगितले, असे करत ती मालिका पैगंबरांपर्यंत पोहोचते. मजकूर कितीही चांगला असला तरी साखळीतला एखादा माणूस विसराळू, खोटारडा किंवा अनोळखी निघाला, तर हदीसचे वजन कमी होते. दोन सलग नावांची माणसे एकमेकांना कधी भेटलीच नसतील, तर साखळी तुटली असे धरले जाते.

पैगंबरांचे निधन 632 मध्ये झाले. त्यांच्या सोबत्यांना ‘सहाबी’ म्हणतात. राज्य वाढत गेले तसे हे सोबती मदिना सोडून इराक, सीरिया आणि इजिप्तमधल्या नव्या शहरांत जाऊन राहिले. त्यांच्याबरोबर त्यांच्या आठवणीही पांगल्या. एका शहरात सर्वांना ठाऊक असलेली हदीस दुसऱ्या शहरात कोणी ऐकलेलीही नसे. मदिनेचे अबू अय्यूब अन्सारी हे वयोवृद्ध सहाबी एका हदीससाठी थेट इजिप्तला उक्बा बिन आमिर यांच्याकडे गेले. ती दुसऱ्याचा दोष झाकण्याविषयीची होती. त्यांनी ती ऐकली आणि तसेच उंटावर बसून ते मदिनेला परत निघाले. नंतरच्या पिढीतले कूफ्याचे विद्वान शअबी यांनी खुरासानहून आलेल्या एकाला हदीस सांगितली आणि आठवण करून दिली, की तुला हे फुकट मिळाले. याहून लहान गोष्टीसाठी लोक मदिनेपर्यंत जात असत.

लिहून पाठवले असते तर चालले नसते का, असा प्रश्न इथे पडतो. लिहिलेली टिपणे होतीच, पण त्या काळच्या अरबी लिपीत पुष्कळदा अक्षरांवर नुक्ते नसत आणि ऱ्हस्व स्वरही लिहिले जात नसत. एकच आकार दोन-तीन तऱ्हांनी वाचता येई. कागदावर जे आहे ते कसे उच्चारायचे, हे ऐकलेल्या माणसाकडूनच कळे. त्याशिवाय समोर बसल्यावर विद्यार्थ्याला प्रश्न विचारता येत. हे तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकले का, असा साधा प्रश्न पत्रात सहज टाळता येतो. समोरासमोर तो टाळणे अवघड जाते. या एका प्रश्नातूनच पुढचा प्रवास घडला.

शुअबा यांचा पाठपुरावा

शुअबा बिन अल-हज्जाज (मृत्यू सुमारे 776) हे मूळचे वासितचे, पुढे बसऱ्यात स्थायिक झालेले. कथनकारांची पारख करण्याचे काम इराकमध्ये पद्धतशीरपणे सुरू करणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव पहिल्या रांगेत येते. पुढे दिलेली हकीकत त्यांनी स्वतः शिष्यांना सांगितली. ती विद्यार्थिदशेतली आहे, आणि निरनिराळ्या पाठांत तिचे तपशील थोडे वेगवेगळे आहेत.

कूफ्यात अबू इस्हाक अस-सबीई नावाचे वृद्ध शेख हदीस सांगत असत. एकदा त्यांनी वुजूसंबंधी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासंबंधी, एक हदीस सांगितली. जो नीट वुजू करतो आणि नंतर श्रद्धेची साक्ष उच्चारतो, त्याच्यासाठी स्वर्गाचे आठही दरवाजे उघडतात, असा तिचा आशय होता. शेखांनी साखळी सांगितली ती अशी: अब्दुल्लाह बिन अता यांच्याकडून, उक्बा बिन आमिर यांच्याकडून. हे उक्बा म्हणजे अबू अय्यूब ज्यांना भेटायला इजिप्तला गेले तेच सहाबी.

ही साखळी फारच आखूड असल्याचे शुअबा यांच्या लक्षात आले. उक्बा वारले 678 च्या सुमारास. अब्दुल्लाह बिन अता मात्र अजून हयात होते. दोघांच्या मधे निदान एक माणूस तरी असायला हवा होता. साखळीतला ‘कडून’ हा शब्दही संशय वाढवणारा होता. कथनकार ‘त्यांनी मला सांगितले’ असे म्हणाला, तर त्याने प्रत्यक्ष ऐकल्याचा दावा केला असे होते. ‘त्यांच्याकडून’ एवढेच म्हणाला, तर मधले कोणी गाळलेले असण्याची शक्यता उरते. अशा गाळण्याला ‘तदलीस’ म्हणतात. त्यात उघड खोटे बोललेले नसते, पण ऐकणाऱ्याचा गैरसमज होऊ दिलेला असतो.

शुअबा यांनी अबू इस्हाकना विचारले, की अब्दुल्लाह यांनी हे उक्बा यांच्याकडून प्रत्यक्ष ऐकले होते का? म्हातारे शेख रागावले. त्या बैठकीत मिसअर बिन किदाम हेही होते. शेखांना चिडवलेस, असे ते शुअबांना म्हणाले. पण त्यांनीच वाटही दाखवली. अब्दुल्लाह बिन अता मक्केत आहेत, त्यांनाच जाऊन विचार, असे त्यांनी सुचवले.

शुअबा मक्केला निघाले. त्या वेळी हजला जाण्याचा आपला विचार नव्हता, आपल्याला फक्त ती हदीस हवी होती, असे त्यांनी पुढे सांगितले. मक्केत अब्दुल्लाह बिन अता भेटले. शुअबा यांनी तोच प्रश्न विचारला. हे मला सअद बिन इब्राहीम यांनी सांगितले, असे उत्तर आले. म्हणजे उक्बा यांच्याशी त्यांचा थेट संबंध नव्हता आणि साखळीत एक नाव वाढले.

सअद हे मदिनेचे. तिथे शुअबांची गाठ मालिक बिन अनस यांच्याशी पडली. पुढे मालिकी विचारपरंपरा ज्यांच्या नावाने चालली, तेच हे मालिक. तेव्हा ते तरुण होते. सअद यंदा हजला आलेले नाहीत, ते मदिनेतच आहेत, असे मालिक यांनी सांगितले. शुअबा मदिनेला गेले. सअद म्हणाले, ही हदीस तुमच्याकडचीच आहे. मला ती ज़ियाद बिन मिख्राक यांनी सांगितली. ज़ियाद राहत बसऱ्यात, म्हणजे शुअबांच्याच गावात. ही हदीस आहे तरी कसली, असा वैताग तेव्हा शुअबांना आला. ती आधी कूफ्याची होती, मग मक्केची झाली, मग मदिनेची झाली आणि आता बसऱ्याची निघाली.

मदिनेहून वाळवंट ओलांडून ते बसऱ्याला पोहोचले. एका पाठात त्यांचे त्या वेळचे वर्णन आहे: चेहरा उतरलेला, कपडे मळलेले, केस वाढलेले. ज़ियाद यांनी कुठून आलात म्हणून विचारले आणि कारण कळल्यावर सांगितले, की ही हदीस तुमच्या उपयोगाची नाही. शुअबा हटून बसले. तेव्हा ज़ियाद यांनी अट घातली: आधी हमामात जा, कपडे धुवा, मग या. शुअबा अंघोळ करून, कपडे धुऊन परत आले. मग ज़ियाद यांनी नाव सांगितले: मला शहर बिन हौशब यांनी सांगितले, त्यांना अबू रैहाना यांनी, आणि अबू रैहाना यांनी ते उक्बा यांच्याकडून ऐकले.

शहर बिन हौशब यांचे नाव ऐकताच शुअबा यांनी आशा सोडली. शहर यांच्या कथनावर त्यांचा विश्वास नव्हता. या माणसाने माझी हदीस उद्ध्वस्त केली, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. ही खरी ठरली असती तर ती मला घरादारापेक्षा, मालमत्तेपेक्षा प्रिय झाली असती, असेही ते म्हणाले.

एवढ्या प्रवासातून काय हाती आले

आजच्या मापाने हा प्रवास मोजला तर कूफा ते मक्का साधारण तेराशे ते चौदाशे किलोमीटर, मक्का ते मदिना साडेचारशेच्या आसपास आणि मदिना ते बसरा हजाराच्या वर. उंटांचा तांडा दिवसाला पस्तीस-चाळीस किलोमीटर चालतो असे धरले, तर नुसत्या चालण्याचेच दहा-अकरा आठवडे होतात. मुक्काम आणि तांड्याची वाट पाहणे त्यात आलेले नाही.

एवढे करून हाती काय आले, ते आधीची आणि नंतरची साखळी शेजारी ठेवून पाहता येते. अबू इस्हाक यांनी सांगितलेल्या साखळीत अब्दुल्लाह बिन अता यांच्यानंतर लगेच उक्बा होते. प्रत्यक्षात त्या दोघांमध्ये चार माणसे निघाली: सअद, ज़ियाद, शहर आणि अबू रैहाना. त्यांतल्या तिसऱ्यावर आक्षेप होता. कूफ्यात ऐकताना साखळी नीटनेटकी दिसत होती आणि तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तिच्यातला दोष गाळलेल्या नावांमध्ये होता, आणि ती नावे त्या त्या शहरातल्या माणसाला समोर बसवून विचारल्याशिवाय कळणार नव्हती.

या निष्कर्षाला मर्यादा आहेत. पहिली अशी, की शहर बिन हौशब यांच्याविषयी परीक्षकांचे एकमत नव्हते. शुअबा यांनी त्यांना सोडले, तर पुढच्या शतकातल्या अहमद बिन हंबल यांनी त्यांच्या कथनाविषयी चांगले मत दिले. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. शुअबा यांनी नाकारली ती एक विशिष्ट साखळी. त्याच आशयाची हदीस उक्बा यांच्यापर्यंत जाणाऱ्या दुसऱ्या मार्गाने आलेली आहे, आणि मुस्लिम (मृत्यू 875) यांनी ती आपल्या ‘सहीह’ या मान्यताप्राप्त संग्रहात घेतली. त्या मार्गाने उक्बा आपण उंट राखण्याची पाळी आटोपून येऊन काय ऐकले ते सांगतात, आणि आठ दरवाजांचे वाक्य त्यांना उमर यांनी सांगितल्याचे त्यात येते. म्हणून एका साखळीत खोट निघाली तर तिच्यातला मजकूर खोटा आहे असे सिद्ध होत नाही. त्या साखळीच्या आधारावर तो खरा मानता येत नाही, इतकेच ठरते. हदीस परीक्षक हा फरक कटाक्षाने पाळत.

कथनकाराचे वय

जाबिर यांना ज्याची भीती होती ती उघड होती: म्हातारा कथनकार मरून जाईल. परीक्षकांना आणखी एका गोष्टीची भीती असे. कथनकार जिवंत असेल, पण त्याची स्मरणशक्ती राहिलेली नसेल. उतारवयात आठवणींची सरमिसळ होण्याला त्यांच्या परिभाषेत ‘इख्तिलात’ म्हणतात. याचे सर्वांत चांगले नोंदलेले उदाहरण येमेनमधल्या सनआ शहराचे अब्दुर्रज़्ज़ाक (744–827) यांचे आहे.

अहमद बिन हंबल आणि त्यांचे मित्र यह्या बिन मईन हे दोघे त्यांना ऐकण्यासाठी बगदादहून निघाले. वाटेत मक्केत काबागृहाच्या प्रदक्षिणेत अब्दुर्रज़्ज़ाकच दिसले. यह्या यांना आनंद झाला. जायचा-यायचा प्रवास वाचला, इथेच ऐकून घेऊ, असे त्यांचे म्हणणे होते. अहमद यांनी मानले नाही. आपण सनआला जाऊन ऐकण्याचा संकल्प केला आहे, तो मोडायचा नाही, असे ते म्हणाले. पुढे वाटेत पैसे संपले तेव्हा त्यांनी उंटवाल्यांकडे मजुरी केली आणि सनआत अब्दुर्रज़्ज़ाक यांनी देऊ केलेले पैसे घेतले नाहीत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

अब्दुर्रज़्ज़ाक यांची दृष्टी पुढे गेली. त्यानंतर त्यांना आपल्याच वह्या वाचून पाहता येत नव्हत्या. समोरच्याने एखादी हदीस वाचून ‘ही तुमचीच ना’ असे विचारले, तर ते हो म्हणत, मग ती त्यांची नसली तरी. अशा रीतीने कथनकाराच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालण्याला ‘तल्कीन’ म्हणतात. अहमद यांनी म्हणून स्पष्ट सीमा आखली: आम्ही हिजरी 200 च्या आधी, म्हणजे 815 च्या आधी, गेलो तेव्हा त्यांची नजर चांगली होती, दृष्टी गेल्यानंतर ज्यांनी ऐकले त्यांचे ऐकणे कच्चे. यामुळे परीक्षकांना आणखी एक काम करावे लागले. कोण कोणाकडून ऐकतो एवढ्यावर न थांबता त्याने कोणत्या वर्षी ऐकले तेही नोंदवणे भाग पडले. एकाच कथनकाराचे दोन शिष्य असले तरी आधी आलेल्याची वही प्रमाण मानली जाई आणि नंतर आलेल्याची पडताळून पाहावी लागे.

शीराज़चा तरुण आणि हेरातचा म्हातारा

दहाव्या शतकापर्यंत मोठे संग्रह तयार झाले होते. बुखारी (मृत्यू 870) आणि मुस्लिम यांच्या पुस्तकांच्या प्रती सर्वत्र होत्या. न ऐकलेली हदीस शोधायला दूर जाण्याची गरज फारशी उरली नव्हती. तरी प्रवास थांबले नाहीत. त्यांचा हेतू मात्र बदलला. साखळीत जितकी माणसे कमी, तितक्या चुकीच्या जागा कमी आणि पैगंबरांशी अंतरही कमी. अशा आखूड साखळीला ‘उंच’ इस्नाद म्हणत. उंच इस्नाद मिळवायचा तर असा म्हातारा शोधावा लागे, ज्याने लहानपणी दुसऱ्या एखाद्या म्हाताऱ्याकडून ऐकले आहे.

असे एक म्हातारे म्हणजे हेरातचे अबुल-वक्त अब्दुल-अव्वल (1066–1158). शीराज़च्या घराण्यातला यूसुफ बिन अहमद हा विशीतला विद्यार्थी त्यांच्या शोधात निघाला आणि इराणमधल्या कर्मान प्रांताच्या टोकाला त्याला ते भेटले. या भेटीची हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली. शेखांनी त्याला विचारले, इकडे कशासाठी आलास? तुमचे जे कथन मला मिळाले ते मी माझ्या हाताने उतरवून घेतले आहे, आणि तुमची उंच साखळी मिळावी म्हणून पायी तुमच्यापर्यंत आलो आहे, असे त्याने सांगितले. शेख बराच वेळ रडले आणि त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली.

ते दहा वर्षांचेही नव्हते तेव्हा त्यांचे वडील ईसा त्यांना घेऊन हेरातहून बूशंजला पायी निघाले. तिथे दाऊदी नावाचे शेख बुखारींचा संग्रह वाचून दाखवत असत. वडिलांनी मुलाच्या दोन्ही हातांत एकेक दगड दिला आणि ते घेऊन चालायला सांगितले. मुलगा थकलेला दिसला की ते एक दगड टाकायला सांगत. तेवढ्याने हलके वाटून तो पुन्हा चालू लागे. नंतर थकलास का, असे वडील विचारत. तो धाकाने नाही म्हणे. मग हळू का चालतोस, असे विचारून ते दुसरा दगडही घेऊन टाकत. अगदीच पाय उचलेनासे झाले की ते त्याला खांद्यावर घेत. वाटेत भेटणारे शेतकरी म्हणत, शेख ईसा, पोराला आमच्याकडे द्या, दोघांनाही जनावरावर बसवून बूशंजला पोहोचवतो. वडील नकार देत. पैगंबरांच्या हदीससाठी जाताना आम्ही चालतच जाणार, पोर थकले तर मी त्याला डोक्यावर घेईन, असे त्यांचे उत्तर असे.

अबुल-वक्त यांनी हे सांगितले आणि पुढे एक वाक्य जोडले: त्या वेळी माझ्याबरोबर ऐकणाऱ्यांपैकी आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून देशोदेशीचे लोक माझ्याकडे येतात. मग त्यांनी पाहुण्यासाठी गोड खाणे आणायला सांगितले. यूसुफ म्हणाला, खाण्यापेक्षा मला वाचणे अधिक प्रिय आहे. शेख हसले आणि म्हणाले, पोटात अन्न गेले की शब्द बाहेर येतात. फालूदजची थाळी आली. खाऊन झाल्यावर यूसुफने आपली वही काढली आणि शेखांना मूळ प्रत आणण्याची विनंती केली.

या विनंतीतून वाचनाची रीत कळते. अशा बैठकीत बहुधा शिष्य वाचत असे आणि शेख ऐकत असत. शेखांच्या बाजूला त्यांची स्वतःची मूळ प्रत असे. शिष्याच्या वहीत काही वेगळे निघाले तर ते तिथेच दुरुस्त होई. शेवटी प्रतीवर नोंद लिहिली जाई: कोणी वाचले, कोण कोण हजर होते, तारीख कोणती, जागा कोणती. फार लहान मुलांच्या नावापुढे ‘ऐकले’ असे न लिहिता ‘हजर होता’ असे लिहीत. एखादा मधेच डुलकी घेत असेल किंवा उशिरा आला असेल, तर काळजीपूर्वक लिहिणारा तेही नमूद करी.

यूसुफने त्या दिवशी वाचली ती ‘जुज़’ म्हणून ओळखली जाणारी एक छोटी वही होती. ती अबुल-जहम यांची. अबुल-जहम वारले हिजरी 228 मध्ये आणि अबुल-वक्त वारले 553 मध्ये. मधल्या सव्वातीनशे चांद्र वर्षांत फक्त तीन माणसे होती. तीन माणसांत तीन शतके बसतात ती एकाच कारणाने: त्यांतले बगवी शंभर वर्षांहून अधिक जगले होते आणि त्यांनी ही वही बालपणीच ऐकली होती. बुखारींच्या संग्रहाचेही तसेच आहे. बुखारी आणि अबुल-वक्त यांच्यामध्ये फिरब्री, सरख्सी आणि दाऊदी अशी तीनच नावे येतात. सरख्सी वारले तेव्हा दाऊदी सात वर्षांचे होते.

यूसुफ नंतर शेवटपर्यंत शेखांच्या सोबत राहिला. अबुल-वक्त बगदादला गेले आणि तिथेच वारले.

साखळी पुढे गेली ती एका पाथरवटाकडे

अबुल-वक्त यांच्याकडून बगदादमध्ये ऐकलेल्या मुलांपैकी एक होता हुसैन ज़बीदी. ज़बीदी म्हातारे झाल्यावर 1230 च्या दशकात दमास्कसला आले आणि त्यांनी तिथे बुखारींचा संग्रह वाचून घेतला. ऐकणाऱ्यांत एक लहान मुलगा होता, अहमद. तो पुढे दगडफोडीचे काम करू लागला, म्हणून त्याला ‘हज्जार’ म्हणत. लहानपणी आपण काय ऐकले याचे महत्त्व ना त्याला होते ना इतरांना. तो म्हातारा झाल्यावर, 1306 च्या सुमारास, जुन्या प्रतींवरच्या हजेरीच्या नोंदी चाळताना कोणाला तरी त्याचे नाव सापडले. ज़बीदी यांच्या त्या बैठकीत बसलेला माणूस अजून जिवंत आहे, हे एकाएकी कळले. मग विद्वान त्याच्याकडे लोटले. त्याला दमास्कसमध्ये, कैरोमध्ये आणि इतर शहरांत बसवून लोकांनी तो संग्रह सत्तरहून अधिक वेळा त्याच्यासमोर वाचला. तो 1329 मध्ये वयाची शंभरी ओलांडून वारला. बुखारी आणि त्याच्यामध्ये साडेचार शतकांहून अधिक काळ गेला होता आणि माणसे फक्त पाच होती.

हज्जार विद्वान नव्हते. वाचली जाणारी चूक त्यांनी पकडावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. शुअबांच्या काळात कथनकाराची स्मृती आणि सचोटी हाच पुरावा होता, म्हणून त्याला प्रश्न विचारावा लागे. चौदाव्या शतकात मजकुराची हमी पडताळलेल्या प्रती देत होत्या. तेराव्या शतकातच इब्न अस-सलाह (मृत्यू 1245) यांनी हा बदल स्पष्ट मांडला होता: आता भरवसा लिखित प्रतींवर आहे, साखळी टिकवली जाते ती परंपरेचा मान म्हणून, त्यामुळे कथनकाराकडून पूर्वीसारख्या कडक अटी मागता येणार नाहीत. हज्जार यांच्याकडून त्यामुळे दोनच गोष्टी हव्या होत्या: त्यांनी खरोखर ऐकले होते याची नोंद आणि वाचले जात असताना त्यांचे जागे असणे.

म्हणून या प्रवासकथा वाचताना आधी काळ पाहावा लागतो. सातव्या शतकातला विद्यार्थी मजकूर मिळवायला जातो. आठव्या शतकातला मजकूर माहीत असूनही तो कोणामार्फत आला हे शोधायला जातो, आणि शुअबांसारखा नकार घेऊन परततो. नवव्या शतकातला कथनकाराची स्मृती शाबूत आहे तोवर पोहोचण्याची घाई करतो. बाराव्या शतकातल्या यूसुफकडे मजकूर स्वतःच्या हाताने लिहिलेला होता. त्याला हवे होते ते म्हाताऱ्यासमोर बसून वाचणे आणि आपल्या वहीवर त्याच्या नावाची नोंद.